पानावर बोट ठेवून विचारायचे प्रश्न

सोसायटीच्या पुस्तक भिशीत या महिन्यात झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ घ्यायची असं ठरतं आणि ग्रुपवर निरोप जातो: ‘स्थलांतर आणि आपलेपणा या विषयावर चर्चा, सर्वांनी वाचून यावे.’ त्या दिवशी क्लबहाऊसमध्ये पहिला प्रश्न येतो, ‘आपलेपणा म्हणजे तुमच्या मते काय?’ कुणी न्यू जर्सीतल्या मुलाबद्दल सांगतं, कुणी कोकणातल्या बंद घराबद्दल. दोन्ही गोष्टी मनापासूनच्या असतात. पण दीड तासात पुस्तक कुणीच उघडत नाही, आणि ज्यांची मुलं परदेशात नाहीत किंवा ज्यांना गाव नाही ते कोपऱ्यात गप्प बसून राहतात.

अशा बैठका मी पाहिल्या आहेत आणि चालवल्याही आहेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपलेपणासारख्या मोठ्या शब्दावर थेट प्रश्न विचारला की प्रत्येक जण आपलं आधीचंच मत सांगतो. तोच प्रश्न कादंबरीतल्या एखाद्या वस्तूवर किंवा कृतीवर, एका ठरावीक प्रसंगावर विचारला, तर माणसं पान शोधू लागतात आणि मग त्यांचं एकमेकांशी पटेनासं होतं. स्वतःच्या घराबद्दलचा प्रश्न विचारायला हवाच, पण शेवटी. तोपर्यंत बोलण्यासाठी सगळ्यांकडे एक समान गोष्ट तयार झालेली असते.

कादंबरी २००३ सालची आहे. लाहिरी यांचा जन्म लंडनचा आणि बालपण अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधलं. पहिल्याच कथासंग्रहासाठी त्यांना २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं. अशोक आणि आशिमा गांगुली हे बंगाली जोडपं कोलकात्याहून अमेरिकेत येतं, तिथे त्यांना गोगोल आणि सोनिया ही मुलं होतात, आणि १९६८ ते २००० अशी साधारण बत्तीस वर्षं आपण या कुटुंबाबरोबर राहतो. प्रकरणं बारा आहेत आणि त्यांना नावं नाहीत. भिशीत कुणाकडे इंग्रजी प्रत असते, कुणाकडे मराठी, कुणी फोनवर वाचलेलं असतं, त्यामुळे पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. म्हणून प्रश्नाबरोबर प्रकरणाचा आकडा आणि प्रसंग लिहून चार दिवस आधी पाठवावा. दीड तासाला चार-पाच प्रश्न पुरतात. पंधरा प्रश्नांची यादी नेली की सूत्रसंचालकाचं लक्ष उत्तराऐवजी पुढच्या प्रश्नाकडे लागतं.

सुरुवात पहिल्याच दृश्यापासून करावी. ऑगस्टमधली दमट संध्याकाळ. दिवस भरत आलेली आशिमा स्वयंपाकघरात उभी राहून अमेरिकन नाश्त्याचे तांदळाचे कुरकुरे, खारे शेंगदाणे आणि चिरलेला कांदा एका भांड्यात कालवते आहे. त्यात मीठ, लिंबू, हिरवी मिरची. मोहरीचं तेल मिळालं असतं तर, असं तिच्या मनात येतं. कोलकात्याच्या फुटपाथवर कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या खाण्याची ही नक्कल आहे. तळहातावर घेऊन ती चव पाहते आणि नेहमीसारखंच काहीतरी कमी पडतं.

इथे सरळ सुचणारा प्रश्न असतो, ‘आशिमाला एकटं का वाटतं?’ तो विचारू नये, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं: परका देश, माहेर दूर. त्याऐवजी विचारावं, ‘चव जमत नाही हे माहीत असूनही आशिमा हा पदार्थ पुन्हा पुन्हा का करते? आणि कादंबरीत पुढे अशी कोणती नक्कल आहे, जी करता करता खरी होऊन जाते?’ पहिल्या अर्ध्या भागावर सगळे बोलू शकतात, ज्यांनी चारच प्रकरणं वाचली आहेत तेही. दुसऱ्या भागासाठी मात्र पुस्तक चाळावं लागतं. मग गांगुलींचा ख्रिसमस निघतो. आधी मुलांसाठी, शाळेतल्या इतर मुलांसारखं व्हावं म्हणून सुरू केलेला हा सण शेवटी आशिमाच्या घरचाच होऊन बसतो आणि कादंबरीचं शेवटचं प्रकरण त्याच दिवसावर येऊन थांबतं. कुणी बंगाली मित्रमंडळींच्या जेवणावळींकडे बोट दाखवतं. रक्ताचं नातं नसलेली ही माणसं मुलांचे मामा, मावश्या होतात आणि अशोकच्या मृत्यूनंतर तीच घरी धावून येतात. ही चर्चा आपोआप आपल्या वास्तूकडे वळू पाहते, कारण सोसायटीतही शेजारी मामा-मावशी झालेले असतात. तिला थोडं थांबवावं. अजून नावाचा प्रश्न व्हायचा आहे.

नावाच्या प्रश्नावर बहुतेक बैठका चुकीच्या रुळावर जातात. आशिमाच्या आजीने बाळासाठी नाव निवडलेलं असतं. वयाची ऐंशी उलटलेली ती बाई पत्र टाकायला स्वतः चालत गेलेली असते, पण पत्र अमेरिकेत पोचतच नाही. नाव लिहिल्याशिवाय रुग्णालय बाळाला घरी सोडत नाही, म्हणून अशोक तात्पुरतं, घरात हाक मारण्यापुरतं नाव देतो: गोगोल. निकोलाय गोगोल हा रशियन लेखक. १९६१ साली रेल्वेच्या अपघातात अशोक ढिगाऱ्यात सापडला होता. त्याच्या हातात गोगोलच्या कथांचं पुस्तक होतं आणि त्यातल्या एका पानाच्या हालचालीमुळे शोधणाऱ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. मुलाला हे कितीतरी वर्षं माहीत नसतं. त्याला आपल्या नावाची लाज वाटू लागते आणि अठरा वर्षांचा झाल्यावर कॉलेजात जाण्याआधी तो कोर्टात जाऊन निखिल होतो.

‘मुलाला स्वतःच्या संस्कृतीची लाज वाटू लागली, हे बरोबर का?’ असा प्रश्न विचारला की क्लबहाऊसमध्ये दोन पिढ्या समोरासमोर बसतात आणि चर्चा संस्कारांवर जाते. पण कादंबरीत घडतं ते याहून चमत्कारिक आहे. गोगोल हे नाव बंगालीही नाही आणि भारतीयही नाही. मुलगा टाकून देतो ते रशियन नाव, आणि घेतो ते नाव आई-बापांनीच त्याला बालवाडीत घालताना ठरवलेलं असतं. म्हणून प्रश्न असा करावा: ‘गोगोलचा निखिल होताना हा मुलगा आई-वडिलांपासून दूर गेला की त्यांच्याजवळ आला?’ हे वाक्य वाचल्यावर माणसं थोडा वेळ काहीच बोलत नाहीत, हे मी पाहिलं आहे. मग कुणीतरी म्हणतं की निखिलचं अमेरिकेत ‘निक’ होतं, म्हणून हे नाव त्यांना सोयीचं. कुणी म्हणतं, नाव तेच असलं तरी कोर्टात एकट्याने जाऊन घेतलेलं नाव आई-बापांनी दिलेलं कसं राहील?

याच प्रश्नाला दोन प्रसंग जोडावेत. तिसऱ्या प्रकरणात पाच वर्षांच्या मुलाला शाळेत निखिल म्हणून घालतात. तो त्या नावाला ओ देत नाही. मुख्याध्यापिका त्याचीच इच्छा विचारतात आणि गोगोल हे नाव लावतात. त्यांचा हेतू प्रेमळ आहे आणि तरी त्या दिवशी आई-बापांच्या शब्दाला त्या शाळेत किंमत उरत नाही. दुसरा प्रसंग पाचव्या प्रकरणातला. आई-वडील कॉलेजात भेटायला येतात आणि मित्रांसमोर त्याला निखिल म्हणतात. त्यानेच तशी विनंती केलेली असते, तरी त्यांच्या तोंडून ते ऐकताना त्याला क्षणभर ही माणसं आपली नाहीत असं वाटून जातं. भिशीत ज्या बायकांची लग्नानंतर नावं बदलली, त्या या प्रसंगावर फार बारकाईने बोलतात. त्यांना मध्ये थांबवू नये. हा अनुभव पुस्तकापासून दूर नेत नाही, तो त्याच ओळींवर नवा प्रकाश टाकतो. विषय भरकटला की नाही हे कळायला एक साधी खूण आहे: बोलणारा माणूस मध्येच पुस्तकातल्या कुणाचं नाव घेतो का? दहा मिनिटं कुणीच गोगोलचं किंवा आशिमाचं नाव घेतलं नाही, तर सूत्रसंचालकाने हळूच प्रसंग पुन्हा समोर ठेवावा.

माझ्या मते या कादंबरीतला सगळ्यात चांगला प्रश्न दडला आहे स्मशानांमध्ये. वाचताना तो सहज निसटतो, कारण त्याचे धागे तीन वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले आहेत. म्हणूनच हे तीन प्रसंग आधी वाचून यायला सांगावं आणि बैठकीत ते एकापाठोपाठ एक मोठ्याने वाचावेत.

तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी अकरा वर्षांचा गोगोल शाळेच्या सहलीबरोबर एका जुन्या दफनभूमीत जातो. मुलांना कागद आणि रंगीत खडू दिलेले असतात. कागद दगडावर ठेवून खडू घासला की कोरलेली अक्षरं कागदावर उमटतात. बाकीची मुलं आपापलं आडनाव शोधत पळतात. गोगोलला माहीत आहे की इथे गांगुली सापडणार नाही, आणि त्याला हेही उमगतं की आपल्या घरची माणसं पुरली जात नाहीत, जाळली जातात. त्यांच्या नावाचा दगड कुठेच असणार नाही. तरी तो कागद घासतो. दगडांवरची नावं त्याच्यासारखीच विचित्र आहेत, आता कुणी ठेवत नाही अशी. समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांची ती नावं आहेत. घरी आल्यावर तो कागद आईला दाखवतो. आशिमा हादरते. मेलेल्यांची नावं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावायला ती साफ नकार देते. मुलाला मात्र ते कागद फेकवत नाहीत, तो ते आपल्या खोलीत लपवून ठेवतो.

सहाव्या प्रकरणात हाच मुलगा वास्तुविशारद झालेला आहे, न्यूयॉर्कमध्ये मॅक्सीनच्या आई-वडिलांच्या घरी राहतो आहे. उन्हाळ्यात ते सगळे न्यू हॅम्पशायरमधल्या तळ्याकाठच्या घरी जातात. तिथे जवळच मॅक्सीनच्या घराण्याची छोटी दफनभूमी आहे. तिच्या कुटुंबातल्या माणसांना आपण कुठे पुरले जाणार हे ठाऊक आहे आणि त्याबद्दल ते सहज बोलतात. सत्तावीस वर्षांचा निखिल तिथे सुखी आहे.

सातव्या प्रकरणात अशोक क्लीव्हलँडमध्ये, घरापासून दूर, हृदयविकाराने एकाएकी जातो. ओळख पटवायला मुलगा एकटाच जातो. त्यानंतरचे दिवस तो आई-बहिणीबरोबर सुतकाचं साधं जेवण जेवत, बंगाली माणसांनी भरलेल्या घरात काढतो. मॅक्सीन येते आणि सुचवते की नंतर आपण पुन्हा तळ्याकाठी जाऊ, तुला या सगळ्यातून बाहेर पडता येईल. तो म्हणतो की त्याला यातून बाहेर पडायचं नाही. अशोकची रक्षा गंगेत सोडली जाते.

आता प्रश्न: ‘आपल्या नावाचा दगड कुठेच नसेल हे ज्याला अकराव्या वर्षी कळलं, तो मॅक्सीनच्या घराण्याच्या दफनभूमीजवळ इतका सुखी का होता? आणि वडिलांच्या मृत्यूनंतर त्याला तिथे परत जाववत का नाही?’

या प्रश्नावर मतं अनेक दिशांनी जातात. काही जण म्हणतात, तळ्याकाठचं सुख उसनं होतं आणि मृत्यूने ते उघडं पडलं. हे मत पटकन सुचतं आणि मला अपुरं वाटतं. ते बरोबर असेल, तर अकराव्या वर्षी लपवलेले कागद कुठे बसवायचे? ते कागद आईचेही नव्हते आणि मॅक्सीनच्या घराण्याचेही नव्हते. ते त्याने स्वतः, आपल्यासारख्याच आगंतुकांकडून घेतलेले होते. सूत्रसंचालकाने नेमकी हीच अडचण पुढे ठेवावी आणि उत्तर देऊ नये. एका बैठकीत एका निवृत्त गृहस्थांनी वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते आशिमाचा नकार हा अंधश्रद्धेतून आलेला नाही. मुलगा परक्यांच्या मेलेल्या माणसांत स्वतःला शोधतो आहे, याची भीती तिला त्या क्षणी वाटली आहे. लगेच पंचविशीच्या एका मुलीने विचारलं, मग तिने त्याला आपल्या मेलेल्या माणसांबद्दल काय सांगितलं होतं? पुढची वीस मिनिटं सगळे ते शोधत होते. आशिमाच्या वडिलांच्या मृत्यूची बातमी, आजीचं पत्र, अशोकचं अपघाताबद्दलचं मौन, सगळं नव्याने वाचलं गेलं. अशोकच्या मौनाकडे तर वळायलाच हवं. चौदाव्या वाढदिवशी तो मुलाला गोगोलच्या कथांचं पुस्तक भेट देतो, अपघाताचं सांगायला ओठांवर आलेलं असतं, आणि वाढदिवसाचा दिवस आहे म्हणून तो थांबतो.

इथे स्वतःच्या घराचा प्रश्न सहज येतो. आपल्याकडे रक्षा नाशिकला, पैठणला, गावच्या नदीत कुठे न्यायची हे कोण ठरवतं? पुण्या-मुंबईत दोन पिढ्या काढलेल्या घरांतही मृत्यूच्या वेळी एकदम ‘मूळ गाव’ समोर येतं. पण हा प्रश्न गोल फिरवून प्रत्येकाला विचारू नये. कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं. ज्याला बोलायचं आहे त्याने बोलावं, एवढंच म्हणून थांबावं.

मौशुमीवर, म्हणजे गोगोलच्या बायकोवर, फार वेळ घालवू नये. तिचं लग्नाबाहेरचं नातं निघालं की बैठकीचं न्यायालय होतं. एकच गोष्ट विचारावी. जवळपास सगळी कादंबरी अशोक, आशिमा आणि गोगोल यांच्या नजरेतून चालते, आणि दहाव्या प्रकरणात लेखिका एकाएकी मौशुमीच्या मनात शिरते. ते प्रकरण नसतं तर तिच्याबद्दलचं तुमचं मत काय झालं असतं? या प्रश्नावर माणसं निवाडा देण्याऐवजी वाचू लागतात.

ज्यांनी पुस्तक न वाचता मीरा नायर यांचा २००६चा सिनेमा पाहिला आहे, ते प्रत्येक गटात असतात. त्यांना दूर ठेवायचं कारण नाही. तब्बू आणि इरफान खान यांची कामं डोळ्यांपुढे असल्याने ते आशिमा-अशोकबद्दल उत्तम बोलतात. पण सिनेमात वडिलांच्या मृत्यूनंतर गोगोल मुंडण करतो. कादंबरीत तो तसं करत नाही, त्याला फक्त लहानपणी पाहिलेलं वडिलांचं मुंडण आठवतं. हा फरक चर्चेच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावा, आणि वेळ उरला तर विचारावं की मुंडण दाखवल्याने मुलगा घरी परतल्याचं जे समाधान मिळतं, ते कादंबरीने आपल्याला का दिलं नसेल?

शेवटचा प्रश्न आशिमाच्या निर्णयाचा. बाराव्या प्रकरणात ती पेम्बर्टन रोडवरचं घर विकते आणि वर्षातले सहा महिने भारतात, सहा महिने अमेरिकेत मुलांकडे आणि मित्रमंडळींकडे राहायचं ठरवते. ‘तिचं खरं घर कोणतं?’ असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. त्याऐवजी मी वह्या आणि नोकरी यांच्याबद्दल विचारते. आशिमाकडे पत्त्यांच्या तीन वह्या आहेत आणि त्यांत इतक्या वर्षांत भेटलेल्या बंगाली माणसांचे पत्ते आहेत. पण मुलं मोठी झाल्यावर ती गावच्या वाचनालयात काम करू लागते आणि तिथे तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अमेरिकन मैत्रिणी मिळतात. त्या मैत्रिणींची नावं त्या वह्यांत कुठे लिहिली जातील? ती कोलकात्याला गेल्यावर तिला कोणत्या गोष्टीची आठवण होईल, याचा पुरावा पुस्तकात शोधा. या प्रश्नावर साठीच्या पुढच्या बायका बोलतात आणि बाकीचे ऐकतात. आयुष्याच्या उत्तरार्धात नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय, स्वतःच्या कामातून मिळवलेली जागा ही लेखिकेने मोठ्याने न सांगितलेली गोष्ट त्यांना बरोबर दिसते.

मग उरलेल्या वेळात आपल्या इमारतीकडे यावं. ही कादंबरी ज्या स्थलांतराची आहे त्याला सीमा आहे, आणि ती सांगायला हवी. १९६५ साली अमेरिकेने देशवार कोटा रद्द करणारा कायदा केला आणि शिकलेल्या आशियाई माणसांना दार उघडलं. गांगुली कुटुंब त्या पिढीचं आहे. अशोकला प्राध्यापकाची नोकरी मिळते, घर घेता येतं, दर काही वर्षांनी विमानाने कोलकात्याला जाता येतं. आपल्या फाटकावर रात्रपाळी करणारा माणूसही गाव सोडूनच आलेला असतो आणि त्याच्या मुलाच्या शाळेच्या फॉर्मवरही नावाचा, गावाचा रकाना असतो. त्याची गोष्ट ‘द नेमसेक’मध्ये नाही. ती हवी असेल तर पुढच्या महिन्यात जयवंत दळवींची ‘चक्र’ किंवा मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ घ्यावी.

आणि एक प्रश्न सोसायटीच्या नियमांतून येतो. भाड्याने राहणारं कुटुंब आपल्याकडे फार तर नाममात्र सभासद असतं, सर्वसाधारण सभेत त्याला मत नसतं. घर भाड्याने दिल्याबद्दल मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेतलं जातं. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा सरकारने त्यावर घातलेली आहे. पुस्तक भिशीत मात्र मालक आणि भाडेकरू एकाच सतरंजीवर बसतात. भाड्याने राहणाऱ्या सदस्याला विचारावं, अर्थात त्याची तयारी असेल तर: ‘पहिल्या प्रकरणातल्या आशिमाला आपल्या इमारतीत राहायला यायचं असतं, तर तिला कुणी काय विचारलं असतं?’ एका वर्षी या प्रश्नावर उत्तर आलं की तिला पहिल्यांदा ‘तुम्ही मांसमच्छी खाता का’ असं विचारलं असतं, आणि मग करार किती महिन्यांचा आहे ते. त्यावर समितीतले दोघे बोलले, मग ज्यांनी घर भाड्याने दिलं होतं तेही बोलले. त्या दिवशी बैठक ठरल्या वेळेच्या बरीच पुढे गेली आणि पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायचं राहून गेलं.